साहेबांनी जिना उतरावा

(खडकवासला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे शीर्षक संयोजकांनी ‘अपंगांचे प्रश्न’ असे ठेवले होते. ते मी मुद्दाम अरुंद करून घेतले आहे. अपंगांचे प्रश्न म्हटले की शिक्षण, नोकरी, पेन्शन, उपचार असे सगळेच त्यात येते, आणि सगळ्यावर बोलणारा माणूस शेवटी कशावरच बोलत नाही. मी एकच प्रश्न घेणार आहे. सरकारी कचेरी वरच्या मजल्यावर आहे, तिला लिफ्ट नाही, आणि कचेरीत काम असलेल्या नागरिकाला जिना चढता येत नाही. अशा वेळी त्या नागरिकाने वर बसलेल्या अधिकाऱ्याकडून नेमके काय मागावे, आणि ते देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे की ते त्याचे कर्तव्य आहे?

शब्दांविषयी आधीच सांगून टाकतो. सरकारी कागदांत हल्ली ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. माझ्या बोलण्यात जुन्या सवयीने ‘अपंग’ येईल. ज्यांना तो टोचतो त्यांचे म्हणणे मला मान्य आहे; मात्र शब्द बदलण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ पायरी बदलण्यास लागतो आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मुंबईत खार येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये घडलेली गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. विराली मोदी या अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या कार्यकर्तीचा विवाह १६ ऑक्टोबरला तेथील विवाह नोंदणी कार्यालयात होता. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. सहीपुरते कर्मचाऱ्यांनी खाली यावे ही विनंती मान्य झाली नाही, आणि वधूला उचलून दोन मजले वर न्यावे लागले. त्यांनी ही हकिगत स्वतः जाहीर केली, तेव्हा उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त करून कारवाईचे आश्वासन दिले. वृत्तपत्रांनी ही बातमी माणुसकीच्या अभावाची बातमी म्हणून छापली. माझा आक्षेप तेथेच आहे. माणुसकी हा गुण आहे. तो असला तर उत्तम, नसला तर कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. येथे प्रश्न गुणाचा नव्हता, कायद्याचा होता.

विवाह अधिकाऱ्यापुढे ज्या कायद्याखाली विवाह लागतात तो विशेष विवाह कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागू शकतो, किंवा तेथून वाजवी अंतरावर असलेल्या, उभय पक्षांना हव्या असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, ठरलेले जादा शुल्क भरून लागू शकतो. सुखवस्तू घरांतील लग्ने या तरतुदीचा आधार घेऊन हॉटेलांत आणि बंगल्यांत लागली आहेत. जो कायदा अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दिवाणखान्यापर्यंत जाण्याची मुभा देतो, तो त्याला त्याच इमारतीच्या तळमजल्यावर येण्यास अडवतो असे कोणीही म्हणू शकणार नाही.

यापेक्षा मोठा दाखला दस्तनोंदणीचा आहे, आणि तो खडकवासल्याशी अधिक निगडित आहे. हे गाव २०२१ साली इतर बावीस गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत आले. गाव शहरात आले की पहिला बदल जमिनीच्या भावात होतो. रस्ता, पाणी, दिवा हे सावकाश येतात. भाव चढला की वाटण्या होतात, आणि वाटण्या झाल्या की दस्त होतात. म्हणून आपल्या हवेली तालुक्यातील सामान्य माणसाचा ज्या सरकारी खुर्चीशी मोठ्या रकमेचा संबंध येतो, ती खुर्ची दुय्यम निबंधकाची असते.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी कायद्यातील आहे. एका बाईंना कमरेखाली अर्धांगवायू आहे. त्या भावाच्या घरी राहतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला, तेव्हा त्यांचाही हिस्सा आहे. भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्र कर. कागद तयार होतो, बाईंचा अंगठा किंवा सही होते. आता नोंदणी. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे असे समजा.

नेहमीच्या रीतीने कारकून किंवा बाहेर बसलेला एजंट सांगतो की त्यांना आणावेच लागेल. मग दोन माणसे बोलवायची, गाडी करायची, बाईंना खुर्चीसकट उचलून वर न्यायचे. किंवा तोच एजंट दुसरा मार्ग सुचवतो: साहेबांना घरी आणू, पण खर्च पडेल. हा खर्च सरकारी शुल्काच्या वर किती असतो ते मी सांगत नाही. आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक नेहमीचा व्यवहार दिसतो. जे हक्काने मिळायचे ते दुर्मिळ आहे असे भासवायचे, आणि मग त्या दुर्मिळतेची किंमत लावायची.

आता कायदा पाहा. नोंदणी कायदा १९०८ सालचा, म्हणजे इंग्रजांचा. त्याचे ३८ वे कलम सांगते की शारीरिक दुर्बलतेमुळे ज्या व्यक्तीला जोखीम किंवा गंभीर गैरसोय सोसल्याशिवाय नोंदणी कार्यालयात हजर होता येत नाही, तिला हजर होण्यास भाग पाडले जाणार नाही. आणि पुढचे पोटकलम असे की अशा प्रत्येक व्यक्तीच्या बाबतीत नोंदणी अधिकारी एकतर स्वतः तिच्या घरी जाऊन तिची तपासणी करील किंवा त्यासाठी आयोग, म्हणजे कमिशन, काढील. येथे कायद्याची भाषा ‘जाऊ शकेल’ अशी नाही, ‘जाईल’ अशी आहे. दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यावा हे अधिकाऱ्याने ठरवायचे, पण काहीच न करण्याचा तिसरा मार्ग त्याला ठेवलेला नाही. तुरुंगातील कैद्यालाही हीच तरतूद लागू आहे. परक्या राज्यकर्त्यांनी एका शतकापूर्वी हे लिहिले ते अपंगांच्या कळवळ्याने लिहिले असे मी मानत नाही. जमिनीचे कागद पक्के व्हावेत, कोणा आजारी माणसाच्या नावाने खोटा माणूस उभा राहू नये, म्हणजेच मालमत्तेची सुरक्षितता, हा त्यांचा हेतू असावा. हेतू कोणताही असो, कर्तव्य स्पष्ट आहे.

येथे एक बारकावा सांगतो, कारण अर्ज तेथेच फसतात. त्याच कायद्यात ३१ वे कलम आहे. त्यातही अधिकारी घरी येण्याची तरतूद आहे, पण ती दस्त ‘दाखल’ करू इच्छिणाऱ्याच्या घरी जाण्याची आहे, विशेष कारण दाखवावे लागते, आणि तेथे भाषा ‘जाऊ शकेल’ अशी आहे. पुष्कळ अर्ज नकळत या कलमाखाली केले जातात आणि मग अधिकाऱ्याला नाही म्हणण्यास जागा मिळते. आपल्या उदाहरणात याची गरजच नाही. दस्त दाखल करण्याचा अधिकार लिहून देणाऱ्याला आहे तसाच लिहून घेणाऱ्यालाही आहे. म्हणून भावाने कार्यालयात जाऊन दस्त दाखल करावा. बाईंकडून उरते ती फक्त कबुली, की हा दस्त मी लिहून दिला. ती कबुली घेण्यापुरता अर्ज ३८ व्या कलमाखाली करावा. अर्ज लेखी असावा, त्यावर कलमाचा आकडा लिहावा, दुर्बलतेचा दाखला किंवा अपंगत्वाचे ओळखपत्र जोडावे, गृहभेटीचे ठरलेले शुल्क भरून पावती घ्यावी, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. दस्तावर सही झाल्यापासून सर्वसाधारणपणे ४ महिन्यांच्या आत तो दाखल व्हावा लागतो, हे विसरू नये. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या उत्तरात ते ४ महिने सहज निघून जातात, आणि मग दंड भरून उशीर माफ करून घेण्याची वेगळी यातायात सुरू होते.

कोणी सांगेल की एवढे कशाला, बाईंनी कुलमुखत्यारपत्र करून द्यावे. हा सल्ला वरवर सोयीचा आहे. पण नोंदणीसाठीचे कुलमुखत्यारपत्रही अधिकाऱ्यापुढे प्रमाणित करावे लागते, तेव्हा त्यासाठीही तोच जिना आहे. त्याच कायद्याच्या ३३ व्या कलमाने त्या कामीही दुर्बल व्यक्तीला हजेरीतून सूट दिली आहे, पण मग सरळ ३८ वे कलम का वापरू नये? शिवाय कुलमुखत्यारपत्राने बाईंचा आवाज कायमचा दुसऱ्याच्या तोंडी जातो. ज्या माणसाला आधीच घराबाहेर पडता येत नाही, त्याने कागदावरूनही घराबाहेर पडू नये असा तो उपाय आहे.

आणि आता मी या सगळ्याच्या उलट बाजूला येतो. साहेब घरी आले, कबुली झाली, दस्त नोंदला गेला. म्हणजे प्रश्न सुटला काय? आपल्या उदाहरणातील बाई भावाच्या घरात राहतात. त्यांचे जेवणखाण, औषधपाणी, बाथरूमपर्यंत जाणेदेखील भावजयीच्या हातून होते. त्यांच्या हिश्शाची जमीन आज लाखांत नव्हे, कोटींत मोजली जात असेल. त्याच घरात, त्याच माणसांच्या देखत, अधिकारी विचारतो, ‘बाई, हा दस्त तुम्ही लिहून दिला काय?’ त्या काय म्हणतील? दस्त नाकारला तर कायद्याने नोंदणी होऊ शकत नाही. एवढी ताकद त्यांच्या एका ‘नाही’मध्ये आहे. पण ते ‘नाही’ उच्चारण्याची जागा ते घर नव्हे. निबंधकाचे काम दस्ताचा न्याय-अन्याय तपासण्याचे नसते, लिहून देणारा तोच आहे आणि तो कबूल करतो की नाही एवढेच पाहण्याचे असते. म्हणून कबुली कोठे आणि कोणासमोर घेतली जाते याला महत्त्व येते. गृहभेटीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने इतरांना बाहेर पाठवून एकांतात विचारावे, ही माझ्या मते त्याची नैतिक जबाबदारी आहे. पण बाईंना स्वतःच्या खुर्चीवरून, कोणाच्या खांद्यावर न चढता, कार्यालयात जाता आले असते, तर त्यांना कदाचित वाटेत वकिलाशी बोलता आले असते. रांगेतल्या दुसऱ्या बाईशी बोलता आले असते.

म्हणूनच मी म्हणतो की साहेबांनी खाली येणे ही आजची मागणी आहे, आणि कार्यालय खाली येणे ही तिच्या जोडीची, तितकीच निकडीची मागणी आहे. पहिलीला पैसा लागत नाही. दुसरीला लागतो, आणि म्हणून दुसरीच्या बाबतीत सबबींचा इतिहास मोठा आहे.

आपल्या देशात अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्यात सार्वजनिक इमारतींत रॅम्प, योग्य शौचालये वगैरे करण्याचे कर्तव्य सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकले होते, पण ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ असे शब्द त्याला जोडलेले होते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले आहे. आर्थिक क्षमतेची मर्यादा या शब्दप्रयोगाइतका लवचिक शब्दप्रयोग माझ्या विषयात दुसरा नाही. कार्यालयाला नवे फर्निचर घेताना ती मर्यादा आड येत नाही. ५ मीटरचा उतार बांधताना येते. २०१६ च्या कायद्याने इमारतींच्या बाबतीत ही पळवाट काढून टाकली. त्याच्या ४५ व्या कलमाने अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती, नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांच्या आत सुगम झाल्या पाहिजेत असे ठरवले. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. केंद्र सरकार तपासून एखाद्या बाबतीत मुदतवाढ देऊ शकते, पण प्रत्येक प्रकरणाचा वेगळा विचार करून, सरसकट नव्हे.

नियमांत मात्र एक विचित्र गोष्ट झाली होती. कायदा म्हणे ‘केलेच पाहिजे’, आणि नियमाने ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले त्यांतील पुष्कळशी भाषा ‘करणे इष्ट’ अशी होती. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी फार वर्षांपूर्वी दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हीच विसंगती पकडली. तो नियम मूळ कायद्याच्या विरोधी ठरवला, आणि टाळता न येणारी किमान मानके वेगळी काढून ३ महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्राला दिला. न्यायालयाच्या सांगण्याचा अर्थ असा की सोयी अधिक चांगल्या करत राहणे हा सावकाश चालणारा प्रवास असू शकतो, पण दरवाजातून आत जाता येणे ही किमान गोष्ट त्या प्रवासावर सोपवता येणार नाही.

किमान म्हणजे किती, हे कार्यकर्त्याला मोजता आले पाहिजे. त्यासाठी अभियंता लागत नाही. शिंप्याची नव्हे, गवंड्याची मोजपट्टी पुरे. रॅम्पचे प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे १ सेंटिमीटर चढण्यासाठी १२ सेंटिमीटर लांबी. एखाद्या जुन्या ग्रामपंचायत कार्यालयाचे जोते तीन पायऱ्यांचे आहे आणि प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर आहे असे धरा. चढ ४५ सेंटिमीटर झाला. त्याला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला खुर्ची वळवता येईल अशी सुमारे दीड मीटरची सपाट जागा हवी. सगळे मिळून ८ मीटरच्या वर जाते. दारासमोर एवढी सरळ जागा क्वचित असते, म्हणून उतार भिंतीलगत वळवून घ्यावा लागतो, आणि तो आराखडा करताना विचारात घ्यावा लागतो. आपल्याकडे होते असे की सगळे बांधकाम संपल्यावर कंत्राटदाराला आठवण होते, आणि तो पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या २ मीटरमध्ये सिमेंट ओततो. ४५ सेंटिमीटरचा चढ २ मीटरमध्ये, म्हणजे प्रमाण जवळजवळ एकास साडेचार. त्यावरून चाकाची खुर्ची हाताच्या बळाने वर जात नाही, आणि मागून ढकलणारा घसरला तर खुर्ची उलटी येते. तरीही तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प : आहे’ असे लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते.

उतार बरोबर असला तरी गोष्ट तेथे संपत नाही. वर पोचल्यावर दार बाहेर उघडत असेल आणि सपाट जागा नसेल, तर खुर्चीवरचा माणूस एका हाताने दार ओढतो तोवर खुर्ची मागे घरंगळते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. उंबरठा नको. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण अर्धांगवायू डाव्या अंगाला होईल की उजव्या हे नियतीने सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारून ठरवलेले नसते. आणि शौचालय पाहताना पाटी पाहू नये, कडी काढून आत पाहावे. अपंगांसाठीच्या शौचालयात जुन्या फायली आणि झाडू ठेवलेले आढळणे ही आपल्या कचेऱ्यांतील इतकी सामान्य गोष्ट आहे की तिची तक्रारसुद्धा कोणी करत नाही.

मला विचाराल तर प्रशासनाची खरी परीक्षा बांधकामात नाही. ती भाडेकरारात आहे. पुष्कळ शासकीय कार्यालये भाड्याच्या जागेत असतात, आणि वरच्या मजल्याचे भाडे तळमजल्यापेक्षा कमी असते, कारण तळमजल्याला दुकानाचा भाव येतो. हा फरक वाचवला म्हणून अधिकारी स्वतःला काटकसरी समजतो. हिशेब मात्र अर्धाच मांडलेला असतो. वाचलेले भाडे सरकारच्या वहीत दिसते. जिना चढू न शकणाऱ्या प्रत्येक नागरिकाने उचलणाऱ्या दोन माणसांना, गाडीला, एजंटला दिलेले पैसे, आणि मुलाने बुडवलेला रोज, हे कोणाच्याच वहीत येत नाही. खर्च कमी झालेला नसतो. तो ज्याला सर्वांत कमी परवडतो त्याच्या खिशावर ढकललेला असतो. आणि इमारत खाजगी मालकाची आहे ही सबब २०१६ च्या कायद्यात चालत नाही. जनता जिचा वापर करते ती इमारत सरकारी असो वा खाजगी, ती सार्वजनिक इमारतच, अशी व्याख्या त्यात आहे.

म्हणून प्रशासकाचे कर्तव्य काही ठरावीक क्षणी उभे राहते, आणि त्या क्षणी ते कोणीतरी पाडले किंवा पाळले पाहिजे असते. भाडेकरार नवा होतो किंवा वाढवला जातो तो एक क्षण. दुरुस्तीची निविदा निघते तो दुसरा. नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला दिला जातो तो तिसरा, आणि तो सर्वांत बळकट, कारण मानके न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये असे ४४ वे कलम स्पष्ट सांगते. येथे दाखला अडवण्याचे हत्यार महानगरपालिकेच्याच हाती आहे. आणि एक क्षण असा आहे की ज्याला निधी, निविदा, मंजुरी काहीच लागत नाही: कोणते टेबल कोणत्या मजल्यावर बसेल हे ठरवण्याचा. ज्या खिडकीवर लोक येतात ती खाली, आणि ज्या टेबलावर फक्त फायली येतात ते वर. एवढा बदल कार्यालयप्रमुख एका दिवसात करू शकतो.

आपल्याकडे गावे महापालिकेत आली तेव्हा असे क्षण पुष्कळ आले. जुन्या ग्रामपंचायतींच्या इमारती पालिकेकडे गेल्या, कामांची फेरवाटणी झाली. मार्च २०२२ पासून दीर्घकाळ पालिकेत निवडून आलेले सदस्य नव्हते, सारे निर्णय प्रशासकाच्या हाती होते. त्या काळातील निर्णयांचे कागद उपलब्ध आहेत आणि ते मागता येतात.

पायऱ्या केवळ दगडाच्या असतात असे नाही, हेही थोडक्यात सांगतो. बँकेचे किंवा मोबाइलचे खाते उघडताना पडद्यावर सूचना येते की डोळ्यांची उघडझाप करा. ॲसिडहल्ल्यात ज्यांचे डोळे आणि चेहरा जळाला त्यांनी ती कशी करावी? प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी असा निर्णय दिला की अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पर्यायी पद्धती ठेवण्याचे निर्देश दिले. काम ‘ऑनलाइन’ झाले म्हणजे जिन्याचा प्रश्न मिटला, असे सांगणारा अधिकारी भेटला तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवावा.

आणि घरी जाणे शासनाला जमत नाही असे जो म्हणेल त्याला २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवून द्यावी. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्क्यांहून कमी नसलेले अपंगत्व असलेल्यांना त्या निवडणुकीत, अर्ज भरल्यास, घरून मतदान करता आले. पथक घरी आले, गुप्तता राखली, मत घेतले आणि गेले. मत न्यायला जे शासन दारात येऊ शकते, ते दस्ताची कबुली न्यायला येऊ शकत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

आता कार्यकर्त्यांनी काय करावे ते सांगून थांबतो. मोर्चा शेवटी ठेवावा, आधी कागद. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून भाड्याच्या कार्यालयाचा भाडेकरार मागावा, त्याची मुदत केव्हा संपते ते पाहावे. नव्या इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला आणि त्यासोबतचा तपासणी अहवाल मागावा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. मोजपट्टी घेऊन गेलेल्या माणसाने लिहिलेली मापे आणि त्या अहवालातील मापे शेजारी शेजारी ठेवावी. तफावत आढळली तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

आयुक्तांच्या अधिकारांविषयी भ्रम नसावा. त्यांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते करतात ती शिफारस. ती मान्य न करणाऱ्या कार्यालयाला मात्र गप्प बसता येत नाही. ३ महिन्यांच्या आत कारणे आयुक्तांना आणि तक्रारदाराला लेखी कळवावी लागतात. कायदा मोडल्याबद्दल दंडही आहे, पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. सरकारी कार्यालयाचा दंड शेवटी सरकारी तिजोरीतूनच जाईल, म्हणजे तुमच्याआमच्या पैशातून, ही त्यातली अडचण आहे. म्हणून मला दंडापेक्षा ती लेखी कारणे अधिक मोलाची वाटतात. खालच्या मजल्यावर येणे का शक्य नाही, हे एखाद्या अधिकाऱ्याला आपल्या सहीनिशी लिहावे लागले, की तोच कागद घेऊन पुढे उच्च न्यायालयात जाता येते.

पोलिओ, अर्धांगवायू, अपघात, म्हातारपण यांमुळे घराबाहेर न पडणारी माणसे या परिसरातील प्रत्येक वस्तीत आहेत, आणि त्यांची कामे कोणाच्या तरी हातून, कोणाला तरी पैसे देऊन होत आहेत. अशा एका घरचा एक अर्ज ३८ व्या कलमाखाली, पोचेच्या शिक्क्यासह, येत्या महिन्यात दाखल व्हावा. अर्ज फेटाळला गेला तर फेटाळल्याचे कारण लेखी मागावे, आणि तो कागद मला आणून दाखवावा.